आईच्या खात्यातून भरलेलं भाडं घरमालक 'भाडं' मानायला तयार नाहीत

अनु_मुलुंड
नमस्कार. गेले दोन दिवस नीट झोप नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

१ जूनपासून मुलुंड पूर्वेला वन आरके भाड्याने घेतलंय. ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, रजिस्टर केलेला, माझ्या एकटीच्या नावावर. भाडं १९,०००, दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत. माझी सीएची आर्टिकलशिप चालू आहे. स्टायपेंडमध्ये प्रवास आणि जेवण भागतं, भाडं आई भरते. ती चिपळूणजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. जून, जुलै, ऑगस्ट या तिन्ही महिन्यांचं भाडं तिने ३ किंवा ४ तारखेला थेट घरमालकांच्या खात्यात टाकलं. ते तिथे जमा झालं आणि परतही आलेलं नाही.

१ सप्टेंबरला काकांचा (घरमालकांना मी काका म्हणते) मेसेज आला. शब्द जसेच्या तसे: "तुमच्या नावाने एकही भाडे जमा नाही. अनोळखी खात्यातून आलेली रक्कम मी भाडे धरत नाही. १० तारखेपर्यंत ५७,००० भरा, अन्यथा करारानुसार दोन महिने थकबाकी म्हणून जागा रिकामी करावी."

फोन करून सांगितलं, काका, ती माझी आई आहे. ते म्हणाले, पासबुकात आडनाव वेगळं आहे. ते खरं आहे. आईची नोकरी लग्नाआधीची, त्यामुळे पगाराचं खातं अजून माहेरच्या नावावरच आहे. तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, माझ्याशी काहीच जुळत नाही.

काकांना काय आणि कसं लिहू? ती माझी आई आहे हे कागदावर सिद्ध करावं लागेल का?

घाटकोपरचा_समीर
आई-वडिलांना भाडं देता येतं. माझा भाऊ वडिलांच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये राहतो, त्यांना दर महिन्याला भाडं देतो आणि ऑफिसात एचआरए दाखवतो. फक्त वडिलांनी ते उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवायला हवं. काळजी करू नका.

अनु_मुलुंड
समीर, धन्यवाद, पण माझं उलट आहे. मी आईला भाडं देत नाही, आई माझ्या वतीने घरमालकांना देते.

घाटकोपरचा_समीर
अच्छा, घाईत वाचलं. सॉरी.

हिशेबवही
माझ्या माहितीप्रमाणे करार ज्याच्या नावावर त्याच्याच खात्यातून पैसे जायला हवेत. घरमालकांच्या सीएने हेच सांगितलं असणार. दुसऱ्याच्या खात्यातून गेले तर ते भाडं होत नाही, त्या माणसाने घरमालकाला दिलेली भेट होते, आणि अनोळखी माणसाकडून वर्षात ५०,००० च्या वर भेट आली की त्यावर कर लागतो. ५७,००० म्हणजे मर्यादा ओलांडलीच. शिवाय एचआरएसाठीही ते चालत नाही.

सनद_आहे
हिशेबवही, तुमच्यात अर्धं बरोबर आहे, पण त्या अर्ध्यामुळेच ही मुलगी घाबरेल, म्हणून वेगळं करून लिहिते. मी वकील आहे, मुंबईत घरभाड्याचीच कामं जास्त करते.

एचआरएबद्दल तुमचा मुद्दा बरोबर. तिथे भाड्याचा खर्च ज्याने सोसला त्यालाच सवलत, त्यामुळे दुसऱ्याच्या खात्यातून गेलेलं भाडं दाखवताना अडचण येते. पण तो प्रश्न भाडेकरू आणि आयकर खात्यातला. घरमालकाला भाडं मिळालं की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि भेट म्हणाल तर, पैसे कशापोटी आले यावर ते काय आहेत हे ठरतं. जागेच्या वापरापोटी आलेला पैसा हे घरमालकाचं भाड्याचंच उत्पन्न, मग तो कोणीही पाठवो. फक्त 'कशापोटी' हे कागदावर असायला हवं. अनुच्या बाबतीत नेमकं तेच राहिलंय.

अनु, आता तुझं. भारतीय करार कायदा १८७२, कलम ४१. त्याचा अर्थ असा: ज्याला येणं आहे त्याने जर तिसऱ्या माणसाकडून ते घेतलं, तर नंतर तेच येणं तो मूळ देणेकऱ्याकडे पुन्हा मागू शकत नाही. कलमात 'तिसरी व्यक्ती' एवढंच आहे. ती आई हवी, नातेवाईक हवी, आडनाव एक हवं असं काही नाही. उद्या तुझ्या मैत्रिणीने भरलं तरी हेच लागू. त्यामुळे तुझा जन्मदाखला, आईचं लग्नाचं प्रमाणपत्र, आधार यातलं काहीही व्हॉट्सॲपवर पाठवत बसू नकोस. नातं सिद्ध करणं हा मुद्दाच नाही. पैसे भाड्यापोटी दिले आणि त्यांनी ते ठेवून घेतले, हा मुद्दा आहे.

त्याआधीचं कलम ४० सुद्धा तुझ्या बाजूचं आहे. चित्रकाराने चित्र स्वतःच काढायचं असं ठरलेलं असेल तर त्याला दुसरा माणूस पाठवता येत नाही. पैसे भरणं तसं काम नाही, ते कोणाकडूनही करून घेता येतं.

दोन प्रश्न विचारते, खरी उत्तरं दे. करारात "परवानाधारकाने स्वतःच्या खात्यातूनच भाडे द्यावे" असं वाक्य आहे का? आणि आईने पैसे पाठवताना शेऱ्यात काय लिहिलं होतं?

गिरगाव_४
मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, माझी एक खोली भाड्याने आहे. घरमालक उगाच छळतोय असं लगेच समजू नका.

आमच्या चाळीत पागडीची खोली होती. मूळ भाडेकरू गावी गेला आणि त्याचा पुतण्या दर महिन्याला मनीऑर्डरने भाडं पाठवायचा. माझ्या वडिलांनी भोळेपणाने पावत्या पुतण्याच्या नावाने फाडल्या. पुढे मूळ भाडेकरू वारला आणि पुतण्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन उभा राहिला की भाडेकरू मीच. ते प्रकरण माझ्या लहानपणी सुरू झालं, मी नोकरीला लागलो तरी संपलं नव्हतं. मुंबईतल्या जुन्या घरमालकांच्या हाडात ही भीती बसलेली आहे. पावती कोणाच्या नावाची, भाडं कोणाच्या हातून आलं, यावर इथे घरं गेलेली आहेत.

दुसरी भीती नवी आहे. हल्ली कुठेतरी ऑनलाइन फसवणूक होते, १९३० वर तक्रार जाते आणि तो पैसा जिथे जिथे फिरला ती खाती गोठवतात. माझ्या शेजाऱ्यांच्या खात्यावर असाच लीन लागला होता, रक्कम लहान होती पण बँकेत खेपा घालून जीव मेटाकुटीला आला. अनोळखी नावाने दर महिन्याला १९,००० यायला लागले तर म्हातारा माणूस घाबरणारच.

मुलीने पैसे भरलेत, हे मान्य. पण पत्रात या दोन भीतींना उत्तर द्या. नुसतं कलम तोंडावर मारू नका.

सनद_आहे
गिरगाव_४, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. पत्राचं खरं काम हेच आहे.

अनु_मुलुंड
सनदताई, करार पुन्हा वाचला. "परवाना शुल्क दरमहा ५ तारखेपर्यंत बँकेमार्फत परवाना देणाऱ्याच्या खात्यात जमा करावे" एवढंच आहे. कोणाच्या खात्यातून ते लिहिलेलं नाही.

शेऱ्याचं आईला फोनवर विचारलं. ४ जूनला तिने JUNE RENT ANU लिहिलं होतं. ४ ऑगस्टला AUG RENT. ३ जुलैला शाळेत गडबड होती, शेरा रिकामाच राहिला.

आणि अजून एक आहे, आधी लिहायला हवं होतं. डिपॉझिट ७५,००० ठरलं होतं. ५०,००० सुरुवातीला दिले, उरलेले २५,००० जुलैअखेर द्यायचे होते. ते अजून दिलेले नाहीत. आज फोनवर काका म्हणाले, "जूनचं आणि ऑगस्टचं एकवेळ बघू, पण जुलैचे १९,००० मी डिपॉझिटमध्येच धरलेत."

हिशेबवही
म्हणजे आता ते म्हणतायत पैसे मिळाले! आधी म्हणत होते अनोळखी आहेत, भाडं धरत नाही.

सनद_आहे
हिशेबवही, अगदी हेच. अनु, ते फोनवरचं वाक्य आज रात्री शांतपणे व्हॉट्सॲपवर उतरव: "काका, आज आपलं बोलणं झालं त्यात आपण म्हणालात की जुलैचे १९,००० आपण डिपॉझिटमध्ये धरलेत." बस, एवढंच. त्यांनी खोडलं नाही तर पैसे मिळाले आणि त्यांनी ते वापरात घेतले, हे त्यांच्याच बाजूने नोंदलं गेलं.

आता जुलैचा पेच. इथे ते पूर्ण चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही. एकाच माणसाचं दोन प्रकारचं देणं असेल आणि पैसे देताना कशापोटी ते सांगितलं नसेल, तर घेणारा ते त्याला हव्या त्या कायदेशीर देण्याकडे वळवू शकतो. करार कायद्याचं कलम ६०. पण त्याच्या आधीचं कलम ५९ असं सांगतं की देणाऱ्याने तोंडाने सांगितलं नसलं तरी परिस्थितीवरून हेतू दिसत असेल, तर तोच धरायचा. तुझी परिस्थिती बघ. रक्कम बरोबर १९,०००, म्हणजे भाड्याइतकी, डिपॉझिटची बाकी २५,०००. तारीख ३, म्हणजे भाड्याच्या मुदतीच्या आत. खातं तेच, ज्यातून महिनाभरापूर्वी JUNE RENT गेलं. आणि ३ जुलैला डिपॉझिटची मुदत संपलेलीही नव्हती. हे सगळं भाड्याकडेच बोट दाखवतं.

पण हे वाद घालण्यासारखं आहे, शंभर टक्के नाही. आणि मुख्य म्हणजे २५,००० तू खरंच देणं लागतेस. त्या बाकीमुळे तुझी बाजू लंगडी पडते. ती आधी भर.

ठाणे_वेस्ट_विनया
माझ्याकडे भाडं ५५,००० आहे आणि मी सासऱ्यांच्या खात्यातून देते. त्यात टीडीएस पण कापायचा असतो ना? कोणाच्या पॅनवर कापायचा? सासऱ्यांच्या की माझ्या?

हिशेबवही
विनया, महिन्याला ५०,००० च्या वर असेल तर कापायचा असतो, ऑक्टोबर २०२४ पासून दर २ टक्के झाला, आधी ५ होता. करार तुमच्या नावावर असेल तर तुमचा पॅन असं मला वाटतं, पण वाटतं म्हणून तेवढ्यावर जाऊ नका, सीएला विचारा. अनुचं १९,००० आहे, तिला हा प्रश्नच नाही. वेगळा धागा काढलात तर सविस्तर बोलू.

अनु_मुलुंड
सनदताई, पत्राचा मसुदा केलाय. कृपया बघाल का?

"ती. काका, सा.न. आपल्या १ सप्टेंबरच्या मेसेजबाबत लिहीत आहे. मी आपल्या मुलुंड येथील खोलीची नोंदणीकृत करारानुसार परवानाधारक आहे. जून, जुलै, ऑगस्ट या महिन्यांचे प्रत्येकी १९,००० रुपये भाडे माझ्या आईने तिच्या बँक खात्यातून माझ्या वतीने आपल्या खात्यात भरले आहे. तारखा ४ जून, ३ जुलै आणि ४ ऑगस्ट. प्रत्येकाचा यूटीआर क्रमांक खाली देत आहे. ही रक्कम आपण स्वीकारली असून परत केलेली नाही, त्यामुळे तिन्ही महिन्यांचे भाडे मिळाले आहे असे समजावे. ती माझी आई आहे याचा पुरावा म्हणून सोबत आधार व शाळेचा दाखला जोडत आहे. यापुढे मी माझ्याच खात्यातून भाडे भरेन, आधी चूक झाली त्याबद्दल क्षमस्व."

सनद_आहे
चांगलं लिहिलंयस, सूर आदराचा आहे तो तसाच ठेव. तीन ठिकाणी हात लावते.

पहिलं, "चूक झाली, क्षमस्व" काढ. आईच्या खात्यातून भरणं ही चूक नाही, आणि उद्या तेच वाक्य तुझी कबुली म्हणून दाखवलं जाईल. त्याऐवजी: "आपल्या सोयीसाठी सप्टेंबरपासून भाडे माझ्या खात्यातून पाठवीन. याआधी भरलेल्या भाड्याच्या वैधतेवर याचा परिणाम होत नाही." व्यवहारात सोपं आहे. आईने १ तारखेला तुझ्या खात्यात टाकायचे, तू ३ तारखेला काकांना. मागचा हक्क सोडायचा नाही, पुढची कटकट मात्र मिटवायची.

दुसरं, पुरावे जोडू नकोस, कारण वर सांगितलंय. त्याऐवजी गिरगाव_४ यांच्या भीतीचं उत्तर घाल: "सदर रक्कम केवळ माझ्या वतीने भरली आहे. माझी आई या जागेत राहत नाही आणि या भरण्यामुळे तिला जागेत कोणताही हक्क मिळत नाही, तिचा तसा दावाही नाही." आणि त्याखाली आईने स्वतः दोन ओळी लिहून सही करायची, की तिन्ही रकमा मुलीच्या भाड्यापोटी भरल्या, परत मागणार नाही, हक्क सांगणार नाही. माझ्या मते त्या दोन ओळी सगळ्या पत्रापेक्षा जड आहेत. घरमालकाची खरी धास्ती पैसे भरणाऱ्याकडून असते, तुझ्याकडून नसते.

तिसरं, जुलैसाठी वेगळं वाक्य: "३ जुलैची रक्कम जुलैच्या भाड्याची आहे. डिपॉझिटची बाकी २५,००० मी स्वतंत्रपणे अमुक तारखेपर्यंत देत आहे." तारीख अशी टाक जी पाळता येईल.

गिरगाव_४
आणि पावती मागताना लिहा की पावती भाडेकरूच्याच नावाने द्यावी, "हस्ते आई" असं लिहून. माझ्या वडिलांनी तेवढे दोन शब्द लिहिले असते तर आमचं आयुष्य वेगळं गेलं असतं. घरमालक म्हणून असं पत्र मला आलं असतं तर त्याच दिवशी मी पावती फाडली असती.

कांदिवली_रमेश
पावती तर द्यावीच लागते, भाडे नियंत्रण कायद्यात कलम २६ आहे. नाही दिली तर दंड. ठणकावून सांगा.

सनद_आहे
रमेशजी, कलम आहे. पण लीव्ह अँड लायसन्सला ते कितपत लागू करायचं यावर घरमालकाचे वकील वाद घालतात. माझं मत लागू आहे असं, पण ठणकावायला मी ते वापरणार नाही. विनंती म्हणून मागू दे. पावती नाहीच दिली तरी अनुच्या हातात आईच्या बँकेचं स्टेटमेंट आहे, त्यात काकांच्या खात्याचं नाव आणि यूटीआर दिसतो. बँकेत जाऊन त्या तीन नोंदींवर शिक्का-सही घेऊन ठेव, अनु. मोबाइलचा स्क्रीनशॉट कमी पडतो.

कांदिवली_रमेश
पत्र रजिस्टर एडीने पाठवा. हातात देऊन उपयोग नाही.

डोंबिवलीकर_पोस्टात
रजिस्टर्ड पोस्ट आता वेगळं राहिलं नाही, २०२५ मध्येच स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय. खिडकीवर स्पीड पोस्ट म्हणा आणि पोचपावतीची सेवा जोडून मागा. पाकिटावर करारात असलेला पत्ता जसाच्या तसा लिहा. घरमालक दुसरीकडे राहतात म्हणून लोक नवा पत्ता टाकतात आणि मग करारातल्या पत्त्यावर मिळालंच नाही असं ऐकावं लागतं.

अनु_मुलुंड
सप्टेंबरचं भाडं काल ३ तारखेला माझ्या खात्यातून पाठवलं, शेऱ्यात SEP RENT. समजा काकांनी तेही परत पाठवलं तर?

सनद_आहे
परत आलं तर आलेल्या नोंदीचा फोटो ठेव आणि त्याच दिवशी लिही की भाडं वेळेत दिलं होतं, आपण परत केलं, रक्कम तयार आहे, कधीही घ्यावी. देऊ केलेलं नाकारलं तर थकबाकीचा दोष तुझ्या माथी येत नाही. पण एक लक्षात ठेव. मागचे तीन महिने तुझी बाजू भक्कम आहे ती त्यांनी पैसे ठेवून घेतले म्हणून. ४ जूनला आलेले पैसे त्यांनी ५ जूनला परत केले असते, तर कलम ४१ इतक्या सहज म्हणता आलं नसतं.

आणि १० तारखेला कुलूप बदलतो वगैरे म्हणाले तर ऐकून घाबरू नकोस. करार चालू असताना स्वतः येऊन सामान बाहेर काढणं घरमालकाला करता येत नाही, त्याला रीतसर मार्गच धरावा लागतो.

अनु_मुलुंड
(१२ सप्टेंबर) काय झालं ते सांगते.

आई शनिवारी पहाटेच्या गाडीने आली. पत्र आधीच स्पीड पोस्टने गेलं होतं, तरी ती म्हणाली मी समोर जाऊन भेटते. काकांच्या घरी गेलो. आईने तिचं पासबुक टेबलावर ठेवलं. पहिल्याच पानावर तिचा लग्नाआधीचा, दोन वेण्यांचा फोटो आहे. काकू तो बघत राहिल्या आणि म्हणाल्या, माझं पोस्टातलं खातं अजून माहेरच्याच नावावर आहे. त्यानंतर काकांचा आवाज खाली आला. त्यांनी आईच्या सहीच्या दोन ओळी दोनदा वाचल्या, झेरॉक्स नको म्हणाले, मूळ प्रतच ठेवून घेतली.

जून आणि ऑगस्टच्या पावत्या मिळाल्या, माझ्या नावाने, "हस्ते आई" लिहून. सप्टेंबरचं भाडं त्यांनी ठेवून घेतलंय.

जुलै मात्र अडलाय. त्यांचं म्हणणं, डिपॉझिट पुरं कर, मग बघू. मी २० तारखेला २५,००० देतेय, शेऱ्यात DEPOSIT BALANCE लिहून. पण ते तोंडी म्हणाले, "जुलैचे १९,००० डिपॉझिटलाच धरले आहेत, तू फक्त ६,००० दे आणि जुलैचं भाडं वेगळं भर." बेरीज दोन्हीकडून २५,००० च होते. मग काय फरक पडतो?

हिशेबवही
रक्कम तीच, पण त्यांच्या पद्धतीने केलं तर जुलैचं भाडं सप्टेंबरमध्ये भरलं असं दिसेल. म्हणजे अडीच महिने उशीर तुमच्या नावावर लागला. करारात उशिराचा दंड आहे का बघा.

अनु_मुलुंड
आहे. दिवसाला १०० रुपये.

सनद_आहे
हिशेबवहींनी बरोबर पकडलं. अनु, एकरकमी २५,०००, शेरा DEPOSIT BALANCE, आणि त्याच दिवशी मेसेज की ही संपूर्ण रक्कम डिपॉझिटची आहे. ६,००० आणि १९,००० असे दोन तुकडे अजिबात करू नकोस. जुलैची पावती नाही दिली तरी चालेल, पण ती मागितल्याचा मेसेज जाऊ दे.

गिरगाव_४
माझा अंदाज, २५,००० पूर्ण पडले की काका जुलैची पावती देतील. नाही दिली तर इथे सांगा, मी घरमालक म्हणून त्यांच्याशी फोनवर बोलायला तयार आहे.

अनु_मुलुंड
सांगते. आई आज संध्याकाळच्या गाडीने परत गेली, उद्या तिची शाळा आहे. निघताना तिने स्वतःच्या मोबाइलमध्ये १ तारखेची आठवण लावली: "अनूच्या खात्यात, काकांच्या नाही."